आजीच्या नाण्याचा खेळ: सुपरपोझिशनची गोष्ट लिहिताना

क्वांटमवर मुलांसाठी गोष्ट लिहायला बसलं की पहिल्या अर्ध्या तासात एकच चित्र सुचतं. आजी नाणं गरगर फिरवते आणि म्हणते, "बघ, आत्ता हे छापाही आहे नि काटाही." चित्र छान आहे, पण चुकीचं आहे. फिरणारं नाणं प्रत्येक क्षणी कुठल्या ना कुठल्या ठरलेल्या कोनात असतं. वेग जास्त असल्यामुळे आपल्याला ते दिसत नाही, एवढंच. वाटीखाली झाकलेल्या नाण्याचंही तसंच. ते आधीच छापा किंवा काटा पडलेलं असतं, फक्त आपल्याला ठाऊक नसतं. ही दोन्ही आपल्या अज्ञानाची उदाहरणं झाली, सुपरपोझिशनची नव्हेत. सुपरपोझिशन म्हणजे दोन अवस्थांची अशी जोड, जिच्यात 'यातली कुठली' याचं उत्तर आधी ठरलेलंच नसतं. अशा गोष्टीतून मूल चुकीची कल्पना घेऊन उठतं आणि ती अकरावी-बारावीपर्यंत पुसली जात नाही.

म्हणून गोष्टीला असा खेळ हवा, ज्यात अज्ञान आणि सुपरपोझिशन यांतला फरक हार-जितीतून दिसेल. तो तयार आहे. १९९९ मध्ये डेव्हिड मेयर या अमेरिकी गणितज्ञाने दोघांनी खेळायचा नाण्याचा एक क्वांटम डाव मांडला. पहिली चाल एकाची, मधली दुसऱ्याची, शेवटची पुन्हा पहिल्याची. मधल्याने नाणं उलटवावं किंवा तसंच ठेवावं. शेवटी छापा निघाला तर पहिला जिंकला. पहिल्याला क्वांटम चाल करायची मुभा असेल, तर तो दर वेळी जिंकतो. हा डाव आजीच्या हाती द्यायचा. खाली त्याची कृती, त्यावरून गोष्टीची बांधणी आणि फसण्याच्या जागा दिल्या आहेत. उदाहरणापुरतं गाव देवरुख आणि मुलगी सहावीतली ओवी असं धरू.

आधी खेळ हाताने करून बघा

कागदावर गोष्ट लिहिण्याआधी हा खेळ टेबलावर चालला पाहिजे, नाहीतर दिशा हमखास उलटसुलट होतात. साहित्य थोडंसंच लागतं. पाच रुपयांचं जुनं, जाड, पांढरं नाणं घ्या. ते १९९२ पासून चलनात आलं, वजन ९ ग्रॅम, व्यास २३ मिलिमीटर. मुंबईच्या टांकसाळीतलं असेल तर सालाखाली पत्त्यांतल्या चौकटसारखी बारीक खूण सापडेल. ओवीसारख्या मुलीच्या नजरेतून असं काही सुटत नाही, तेव्हा हा तपशील गोष्टीत वापरता येतो. सिंहाची बाजू छापा, आकड्याची बाजू काटा.

थर्मोकोलचे ५ सेंटिमीटर लांब-रुंद आणि अडीच सेंटिमीटर जाड असे दोन तुकडे कापा. नाणं बरोबर मध्ये ठेवून ते एकमेकांवर बसवा. चारी बाजू ५ सेंटिमीटरच्या, असा ठोकळा तयार होईल. दोन तुकड्यांमधली फट बोटाला लागते आणि आत नाणं कसं आहे ते मुलाला कळतं. म्हणून बंद पेनाच्या टोकाने सगळ्या बाजूंवर तशाच खोट्या रेघा ओढा. नाणं मध्यभागी ठेवण्याचंही कारण आहे. ते एखाद्या बाजूला चिकटलेलं असेल तर ठोकळा त्या बाजूला जड लागतो आणि खेळ सुरू होण्याआधीच फुटतो. गोष्टीत मात्र थर्मोकोल नको. तिथे सोनाराकडची अंगठीची डबी शोभेल, आणि खेळ आजीच्या पदराखाली किंवा पंचाखाली चालेल.

दोघींनी एकाच बाजूला, शेजारी-शेजारी बसायचं. समोरासमोर बसल्या की एकीचं उजवं ते दुसरीचं डावं होतं आणि लिहिणाऱ्याचाच गोंधळ उडतो. आता चाली बघू.

सुरुवातीला छापा वर. आजी डबी पाव वळण उजवीकडे कलंडते, म्हणजे नाणं उभं राहतं आणि सिंहाचं तोंड उजवीकडे होतं. मग ओवीची पाळी. तिने डबीच्या डाव्या-उजव्या बाजू दोन हातांच्या चिमटीत धरायच्या. मग वाटल्यास अर्धं वळण पुढे फिरवायचं, नाहीतर हात काढून घ्यायचा. शेवटी आजी पहिल्या चालीच्या उलट, म्हणजे पाव वळण डावीकडे कलंडते आणि डबी उघडते.

दर वेळी छापा निघतो. ओवीने फिरवलं काय नि न फिरवलं काय, छापाच. कारण समोर दिसतं. आडव्या नाण्याला चिमटीत धरून अर्धं वळण दिलं की छाप्याचा काटा होतो. पण उभं, उजवीकडे तोंड केलेलं नाणं त्याच चिमटीत फिरवलं तर ते जागच्या जागी चाकासारखं गोल फिरतं. सिंहाचं तोंड उजवीकडेच राहतं. ओवीच्या चालीला त्यावर पकडच नाही.

हे नुसतं साम्य नव्हे. क्युबिट म्हणजे क्वांटम संगणकातलं माहितीचं सगळ्यात लहान एकक, आणि त्याची अवस्था खरोखरच एका दिशेने दाखवतात. वर म्हणजे छापा, खाली म्हणजे काटा, आडव्या सगळ्या दिशा म्हणजे दोन्हींची समसमान सुपरपोझिशन. क्युबिटवरच्या क्रिया म्हणजे या दिशेची वळणं. म्हणून ही डबी वळणांच्या बाबतीत पूर्ण प्रामाणिक आहे. अडचण येते ती डबी मध्येच उघडल्यावर. तिकडे पुढे येतोच.

पहिला टप्पा: आजी हरत का नाही

गोष्टीचा पहिला एकतृतीयांश भाग एवढाच असावा की आजी जिंकत राहते आणि ओवीला संशय येतो. इथे किती डाव दाखवायचे याचा हिशेब करा. साध्या नशिबाने तीन डाव सलग जिंकण्याची शक्यता आठात एक असते, म्हणजे त्यात नवल नाही. तेवढ्यावर हुशार मूल चमकलं असं लिहिलं तर वाचणारं हुशार मूल पुस्तक मिटतं. सलग दहा डावांची शक्यता १०२४ मध्ये एक. दहा डाव खेळू द्या, वहीत रेघा मारू द्या. मग ओवीने विचारावं:

"आजी, तू नाणं बदलतेस ना?"

"बदलत्ये कशाला? हे बघ, तुझंच नाणं. खूण बघून घे हवी तर."

ओवी इथे काय काय करून बघेल, हे लेखकाने आधी यादी करून ठेवावं. नाणं तपासेल, दर वेळी फिरवेल, कधीच फिरवणार नाही, दुसरं नाणं उडवून त्यावर ठरवेल. हा शेवटचा प्रयत्न महत्त्वाचा आहे. आजी ओवीचं मन ओळखते, ही शंका त्यानेच मिटते. ओवीने काय केलं हे ओवीलाही आधी ठाऊक नव्हतं, तरी आजी जिंकली. मग गंमत आजीच्या डोक्यात नसून चालीत आहे, हे वाचकापर्यंत पोचतं.

याच टप्प्यात सुपरपोझिशनबद्दलचं सगळ्यात कामाचं वाक्य दडलेलं आहे. आजीने पहिल्या चालीत नाण्याचा बोजवारा केलेला नाही. नाणं पक्क्या, ठरलेल्या अवस्थेत आहे. फक्त 'छापा की काटा' या प्रश्नाला त्या अवस्थेत ठरलेलं उत्तर नाही. 'एकाच वेळी दोन्ही' हा शब्दप्रयोग म्हणूनच टाळा. आजीच्या तोंडी साधं वाक्य द्या: "उभ्याला विचारलंस छापा की काटा, तर त्याने काय सांगावं?"

दुसरा टप्पा: मध्येच डोकावणं

आता ओवी चोरून बघणार. हे होणारच आणि व्हायलाच हवं, कारण गोष्टीतलं खरं विज्ञान इथे आहे. पण थर्मोकोलची डबी मध्येच उघडली तर आत उभं नाणं दिसेल. खरं क्युबिट तसं दिसत नाही. त्याला छापा-काटा असं विचारलं की ते त्या दोन्हींपैकी एकच उत्तर देतं आणि मग तसंच होऊन बसतं. हे डबीत आपोआप घडत नाही, म्हणून इथे खेळाला एक नियम जोडावा लागतो.

कोकणातल्या आजीला त्यासाठी शब्द शोधावा लागणार नाही. ती म्हणेल, मध्ये विचारायचं तर कौल लावायचा. नाणं आडवं असेल तर ते जे दाखवतं तेच उत्तर. उभं असेल तर बाजूला दुसरं नाणं उडवायचं. ते जे पडेल ते उत्तर, आणि डबीतलं नाणंही लगेच तसंच आडवं करून ठेवायचं. शेवटी डबी उघडतानाही हाच नियम.

आता ओवीने मध्ये कौल लावला. समजा छापा आला. नाणं छापा वर करून आडवं झालं. पुढे ओवीने काहीही केलं तरी ते आडवंच राहणार. आजी आपली ठरलेली शेवटची चाल करते, पाव वळण डावीकडे. पण आडव्या नाण्याला पाव वळण दिलं की ते उभं राहतं! डबी उघडायला पुन्हा कौल. निकाल अर्धा-अर्धा. आजी पहिल्यांदा हरते.

इथे आकडे लिहिताना एक बारीकशी काळजी घ्या. दहा डावांत आजी नेमकी पाच वेळा जिंकली असं लिहायचा मोह होतो. खऱ्या दहा डावांत नेमकं पाच-पाच साधारण चार वेळांतून एकदाच येतं. सहा-चार लिहा, ते जास्त खरं वाटतं. शिवाय ओवीला हिशेब घालायला जागा मिळते: हा अर्ध्याच्या आसपासचा निकाल आहे की आजीचं नशीब?

आणि ओवीला हळहळ वाटली पाहिजे. डोकावून तिला आजीचं गुपित कळलं नाही. कौलाने फक्त छापा किंवा काटा सांगितलं, आणि ते सांगताना आजीने उभी केलेली गोष्ट मोडली. क्वांटममध्ये मापन म्हणतात ते हेच.

खरी क्युबिटं या बाबतीत आजीच्या डबीपेक्षा कितीतरी नाजूक असतात. कुणी मुद्दाम विचारायचीही गरज नसते. आजूबाजूची उष्णता, भरकटलेल्या लहरी हेच मध्येच कौल लावून मोकळे होतात. म्हणूनच कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ज्या जातीच्या अतिसंवाहक क्युबिटांवर काम चालतं, ती उणे २७३ अंश सेल्सिअसच्या अगदी लगत थंड ठेवावी लागतात. याच संस्थेने संरक्षण संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेबरोबर केलेल्या सहा क्युबिटांच्या प्रोसेसरची चाचणी २०२४ मध्ये झाली. गोष्टीत हे घालायचं असेल तर ओवीच्या मामाला कुलाब्याला नोकरीला लावा आणि एका फोनमध्ये आटपा. शीतकपाटाचं लांबलचक वर्णन आलं की गोष्ट आजीच्या ओटीवरून उठून निघून जाते.

तिसरा टप्पा: ओवीची चाल

बहुतेक गोष्टी दुसऱ्या टप्प्यावर संपतात. तिसऱ्याशिवाय संपवू नका, असं आमचं ठाम मत आहे. कारण दुसऱ्या टप्प्यापर्यंत हुशार वाचक म्हणू शकतो, की उभं नाणं म्हणजे नुसतं 'अर्धं-अर्धं' झालं. तसं नाही, हे तिसरा टप्पा दाखवतो.

ओवीला अजून एक वळण सुचतं. चिमटीत धरून पुढे फिरवण्याऐवजी डबी जमिनीवरच ठेवून, भोवऱ्यासारखी, जागच्या जागी अर्धी फिरवायची. आडव्या नाण्यावर हे करून बघा. छापा वर होता, छापाच वर राहतो. ही चाल अगदी बिनकामाची वाटते आणि आजीही ती करू देते. पण उभ्या नाण्यावर तीच चाल केली की उजवीकडे बघणारा सिंह डावीकडे बघू लागतो. आजी सवयीने पाव वळण डावीकडे देते आणि नाणं काटा वर करून पडतं. नशिबाने नव्हे, दर वेळी!

यातली मौज सांगताना घाई करू नका. ओवीने फिरवल्यावर लगेच कौल लावला असता तर आधीसारखाच अर्धा-अर्धा निकाल आला असता. उजवीकडे बघणारं आणि डावीकडे बघणारं, दोन्ही उभी नाणी कौलाला सारखीच. तरी शेवटची चाल झाल्यावर एकाचा छापा होतो, दुसऱ्याचा काटा. म्हणजे 'पन्नास टक्के' या आकड्यात न मावणारं काहीतरी त्या अवस्थेत होतं. भौतिकीत त्याला कला, म्हणजे इंग्रजीतली फेज, म्हणतात. गोष्टीत हा शब्द आला नाही तरी चालेल.

लेखकाने कागदावर करायचा हिशेब

हा हिशेब गोष्टीत घालायचा नाही, पण तो एकदा हाताने केल्याशिवाय संवाद लिहू नयेत. पहिल्या चालीनंतर छाप्याच्या वाटेवर ०.७०७ आणि काट्याच्या वाटेवर ०.७०७ असे दोन आकडे येतात. त्यांचा वर्ग केला की शक्यता मिळते, ती अर्धी-अर्धी. आजीची शेवटची चाल छाप्याला छाप्याकडे ०.७०७ आणि काट्याकडे उणे ०.७०७ असं वाटते. काट्याला ती दोन्हीकडे अधिक ०.७०७ असं वाटते. मग तीन प्रसंगांत शेवटी असं होतं:

```
ओवीने उलटवलं / काही केलं नाही:
  छापा =  0.5 + 0.5 = 1
  काटा = -0.5 + 0.5 = 0
ओवीने जागच्या जागी फिरवलं:
  छापा =  0.5 - 0.5 = 0
  काटा = -0.5 - 0.5 = -1   (वर्ग 1)
ओवीने मध्ये कौल लावला (एकच वाट उरली):
  छापा = 0.707 चा वर्ग = 0.5
```

पहिल्या प्रसंगातली दुसरी ओळ नीट बघा. काट्याकडे जाणाऱ्या दोन वाटा आहेत आणि त्या एकमेकींना खोडतात. साध्या शक्यतांत हे कधीच होत नाही, कारण शक्यता उणे नसते. उडवलेलं नाणं पुन्हा उडवलं तर ते अर्धं-अर्धंच राहतं, छाप्यावर परत येत नाही. फिरत्या नाण्याचं चित्र इथेच आपटतं. त्यात वाटा खोडल्या जाण्याची सोयच नाही. तिसऱ्या प्रसंगात कौलाने एक वाट बंद केली, म्हणून खोडायला कुणी उरलं नाही आणि आजी अडखळली.

कुठे बिघडतं

खेळ करून बघताना सगळ्यात जास्त घोळ वळणाच्या आसाचा होतो. लहान मूल डबी चिमटीत धरताना डावी-उजवी बाजू सोडून पुढची-मागची बाजू पकडतं. उभ्या नाण्याचा सिंह मग उजवीकडून डावीकडे जातो आणि आजी विनाकारण हरते. ओवीची खास चाल पहिल्याच डावात फुटली, तर बहुतेक वेळा कारण हेच असतं. खेळाआधी पाटावर डावीकडून उजवीकडे खडूची रेघ ओढा आणि हात त्या रेघेच्या दोन टोकांना राहतील असं बघा. रेघ पाटावर हवी, डबीवर नको. डबीवर ओढली तर आजीच्या पहिल्या चालीबरोबर तीही वळते आणि सगळा खेळ चुकतो.

दुसरी गडबड लिखाणातली आहे. कौलाचं दुसरं नाणं हे आपण घातलेलं ठिगळ आहे. निसर्गात शेजारी उडवायला दुसरं नाणं नसतं. क्युबिटचं उत्तर कुठल्या लपलेल्या नाण्यावर ठरतं असा समज गोष्टीने करून देऊ नये. यासाठी आजीच्या एका वाक्यात कबुली असावी: "हा कौलाचा नियम आपण आपल्या सोयीसाठी केलाय हो. खरं काय होतं ते तुझ्या मामाला विचार." खोटं बोलण्यापेक्षा मर्यादा सांगणारी आजी जास्त विश्वासाची वाटते.

तिसरं, दोन डब्यांचा मोह आवरा. दोन क्युबिटांतला गुंता, ज्याला एन्टँगलमेंट म्हणतात, तो दोन वेगळ्या डब्यांनी दाखवता येत नाही. प्रत्येक डबीला स्वतःची दिशा असते, आणि गुंतलेल्या जोडीत नेमकी तीच नसते. एका गोष्टीत एकच नाणं पुरे. 'एकाच वेळी जिवंत आणि मेलेलं' म्हणून सांगतात ते श्रोडिंगरचं मांजरही दाराबाहेरच राहू दे.

आजीला किती कळतं, हा प्रश्न उरतो. तिला क्वांटम येत असण्याची गरज नाही. वळणं येतात एवढं पुरे, आणि ज्या बाईने जन्मभर वाती वळल्या, शेवया केल्या, तिचा हात वळणात पक्का असतो. 'सुपरपोझिशन' हा शब्द तिच्या तोंडी आला की गोष्ट पाठ्यपुस्तकाची होते. तो मामाच्या फोनवर एकदाच येऊ दे, तोही खेळ संपल्यावर, ओवीने हिशेब सांगितल्यानंतर.

लांबी अडीच ते तीन हजार शब्द ठीक. त्यातले निम्मे डावांना द्या, बाकी घराला. चुनाभट्टीची मराठी विज्ञान परिषद अनेक वर्षं विज्ञानकथा स्पर्धा घेत आली आहे. तिथे किंवा एखाद्या दिवाळी अंकाला पाठवण्याआधी मसुदा दहा-बारा वर्षांच्या दोघा-तिघा मुलांना वाचायला द्या आणि ठोकळा शेजारी ठेवा. मग दोनच प्रश्न विचारा. ओवीने मध्ये डोकावल्यावर आजी का हरू लागली? आणि जागच्या जागी फिरवल्याने काय बदललं? पहिल्याला "नाणं दोन्ही होतं" असं उत्तर आलं, तर पहिला टप्पा पुन्हा लिहा. "नाणं उभं होतं, कौलाने आडवं झालं" असं आलं तर जमलं. दुसऱ्या प्रश्नाला मूल तोंडाने उत्तर देण्याऐवजी ठोकळा उचलून फिरवून दाखवू लागलं, तर मसुद्याला आणखी हात लावू नका.